पगारपत्रकातला एलटीए: करसवलत कोणाला मिळते, कागद कोणते लागतात

जानेवारी उजाडला की ऑफिसातून गुंतवणुकीचे आणि प्रवासाचे पुरावे मागणारी मेल येते. पगाराचं काम करताना दरवर्षी दिसतं, की या वेळी सगळ्यात जास्त गोंधळ एलटीएचा, म्हणजे रजा प्रवास सवलतीचा होतो. पगारपत्रकात रक्कम दिसते म्हणून ती करमुक्तच, असं बरेच जण धरून चालतात. इथले आकडे आर्थिक वर्ष २०२५-२६ च्या पगाराचे, म्हणजे १९६१ च्या आयकर कायद्याखालचे आहेत.

आधी तुमची करप्रणाली कोणती ते बघा. नव्या प्रणालीत एलटीएला सवलत नाही आणि मुलांच्या शिक्षण भत्त्यालाही नाही. तुम्ही काहीच कळवलं नाही, तर ऑफिस नवी प्रणाली धरूनच कर कापतं. जुनी हवी असेल तर तसं कळवावं लागतं, आणि पुढे विवरणपत्रही मुदतीत भरून त्यात तीच निवडावी लागते.

जुन्या प्रणालीत सवलत मिळते ती रजा घेऊन भारतात केलेल्या प्रवासाच्या फक्त भाड्यावर. हॉटेल, जेवण, तिथे फिरायला केलेली टॅक्सी यांतलं काहीही धरत नाहीत. विमानाला जवळच्या मार्गाचं इकॉनॉमी भाडं आणि रेल्वेला एसी फर्स्ट क्लासचं भाडं ही कमाल मर्यादा. कुटुंबात पती किंवा पत्नी आणि मुलं येतात. आईवडील आणि भावंडं तुमच्यावर अवलंबून असतील तरच येतात. १ ऑक्टोबर १९९८ नंतर जन्मलेली मुलं असतील तर दोनच धरतात. पहिल्या मुलानंतर जुळी झाली असतील तर त्याला अपवाद आहे.

एक उदाहरण घेऊ. पुण्यातला एक कर्मचारी बायको आणि दोन मुलांसह जानेवारी २०२६ मध्ये कोचीला जाऊन आला. त्याला वर्षभरात एलटीए मिळाला ५०,००० रुपये. सहल कंपनीचं बिल ९२,००० चं, आणि त्यात एकच ओळ: ‘केरळ पॅकेज, ४ व्यक्ती’. असं बिल परत येतं, कारण त्यात भाडं किती ते कळत नाही. त्याने कंपनीकडून विमानभाडं वेगळं दाखवणारं बिल मागून घेतलं. चौघांचं जाण्या-येण्याचं भाडं निघालं ३६,०००. तेवढेच करमुक्त, उरलेले १४,००० करपात्र. तो २० टक्क्यांच्या टप्प्यात असेल, तर उपकरासह ७,४८८ रुपये वाचले. भाडं ६०,००० झालं असतं तरी सवलत ५०,००० च्या वर गेली नसती, कारण मिळालेल्या एलटीएपेक्षा जास्त सवलत नाही.

आता ब्लॉकचं. चार वर्षांच्या ब्लॉकमध्ये दोन प्रवासांना सवलत मिळते, आणि ही वर्षं जानेवारी ते डिसेंबर अशी मोजतात, एप्रिल ते मार्च नाही. २०२२ ते २०२५ हा ब्लॉक संपला, २०२६ ते २०२९ सुरू झाला. म्हणजे वरचा प्रवास आर्थिक वर्ष २०२५-२६ चा असला तरी ब्लॉक नवा. मात्र मागच्या ब्लॉकमधला एक प्रवास शिल्लक असेल, तर तो २०२६ च्या डिसेंबरपर्यंत वापरता येतो आणि नव्या ब्लॉकमधले दोन तसेच राहतात. दोन्ही शिल्लक असले तरी पुढे एकच येतो. म्हणून दाव्याबरोबर ‘हा मागच्या ब्लॉकचा शिल्लक प्रवास आहे’ असं स्पष्ट लिहून द्या.

कागद थोडेच लागतात: भरलेला फॉर्म १२ बीबी, तिकिटं, विमानाचे बोर्डिंग पास आणि मंजूर रजेचा अर्ज. बोर्डिंग पास परतीच्या दिवशीच मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा, नंतर ते सापडत नाहीत. स्वतःच्या गाडीने गेलात तर पेट्रोलची बिलं ऑफिसात सहसा चालत नाहीत. नवरा-बायको दोघांनाही एलटीए असेल, तर एकाच तिकिटावर दोघांनी दावा करू नये.

ऑफिसची तारीख हुकली तरी विवरणपत्रात कलम १०(५) खाली सवलत मागता येते. मग कागद मात्र स्वतःकडे जपून ठेवावे लागतात. ऑफिसने सवलत दिली असेल, तर ती फॉर्म १६ च्या भाग ब मध्ये प्रवास सवलतीच्या ओळीत दिसते. तिथे शून्य असेल तर दावा मंजूर झालेला नाही, असं समजा.

बाकीचे भत्ते थोडक्यात. शिक्षण भत्ता दर मुलामागे महिन्याला १०० रुपये आणि वसतिगृह भत्ता ३०० रुपये, दोन मुलांपर्यंत करमुक्त. दोन मुलांसाठी महिन्याला १,००० शिक्षण भत्ता मिळत असेल, तर वर्षाच्या १२,००० पैकी २,४०० वरच कर लागत नाही. शाळेची ट्यूशन फी ८०सी मध्ये वेगळी दाखवता येते, तिचा या भत्त्याशी संबंध नाही. ‘स्पेशल अलाउन्स’ नाव कितीही खास असलं तरी पूर्ण करपात्र. घर ते ऑफिस प्रवासभत्त्यावरची सवलत २०१८-१९ पासून प्रमाणित वजावटीत गेली. दिव्यांग कर्मचाऱ्यांना मात्र महिन्याला ३,२०० पर्यंत ती अजून आहे, आणि नव्या प्रणालीतही मिळते.