बँकेच्या अ‍ॅपमधून परतलोच नाही तर?

ऑनलाइन खरेदी करताना ‘बँकेतून थेट भरा’ हा पर्याय निवडला की फोनवर आपल्याच बँकेचं अ‍ॅप उघडतं. बोटाचा ठसा किंवा चेहरा दाखवून मंजुरी दिली की क्षणात आपण पुन्हा दुकानाच्या पानावर येतो. मंजुरी दिली म्हणजे पैसे गेले, असं बहुतेकांना वाटतं. पण कित्येकदा पैसे परतीच्या त्या क्षणानंतर हलतात.

ब्रिटनमधल्या ओपन बँकिंग पद्धतीत ४८ पाउंडांची एक ऑर्डर कशी पुढे सरकते ते पाहू. दुकान आणि बँक यांच्यामध्ये एक परवानाधारक मध्यस्थ कंपनी असते. आपण दुकानाच्या पानावर असतानाच मध्यस्थाचा सर्व्हर बँकेला कळवतो की ४८ पाउंड अमुक खात्यात, अमुक संदर्भाने द्यायचे आहेत. बँक ही नोंद करून तिला क्रमांक देते. नोंदीची स्थिती असते `AwaitingAuthorisation`, म्हणजे मंजुरीच्या प्रतीक्षेत. मग आपल्या फोनला बँकेच्या पत्त्याची एक लिंक मिळते आणि तिच्यासोबत हा क्रमांक जातो.

ती लिंक बँकेच्याच अ‍ॅपमध्ये कशी उघडते? बँक आपल्या वेबसाइटवर एक छोटी फाइल ठेवते (अँड्रॉइडसाठी तिचं नाव `assetlinks.json`) आणि त्यात आपलं खरं अ‍ॅप कोणतं हे जाहीर करते. फोन ही जोडी पडताळून ठेवतो, त्यामुळे भलतंच अ‍ॅप ती लिंक परस्पर पळवू शकत नाही. फोनवर अ‍ॅप नसेल, तर तीच लिंक ब्राउझरमध्ये बँकेच्या साइटवर उघडते. अ‍ॅपमध्ये दिसणारी रक्कम आणि नाव बँकेकडच्या नोंदीतून येतं. वाटेत कुणी लिंकमध्ये फेरफार केला, तरी ४८ चे ४८० होत नाहीत.

आपण मंजुरी देतो, नोंद `Authorised` होते आणि बँक आपल्याला मध्यस्थाच्या पत्त्यावर परत पाठवते. ती लिंक साधारण अशी असते:

```
https://pay.example/return?code=Zx81kQ&state=a7f3c9
```

`state` म्हणजे मध्यस्थाने सुरुवातीला स्वतःच दिलेली खूण. ती जुळली, तर परत आलेला ग्राहक तोच आहे हे कळतं. `code` ही एकदाच वापरता येणारी, थोड्याच वेळात बाद होणारी चिठ्ठी. मध्यस्थाचा सर्व्हर ती थेट बँकेच्या सर्व्हरला देतो, स्वतःची ओळख पटवतो, बदल्यात परवाना मिळवतो आणि मग कुठे पैसे पाठवण्याचा आदेश दाखल करतो.

म्हणजे मंजुरी देऊन लगेच फोन बंद केला आणि ही चिठ्ठी मध्यस्थापर्यंत पोचलीच नाही, तर आदेश दाखल होत नाही. आपण ‘हो’ म्हटलेलं असतं, तरी खात्यातले ४८ पाउंड जागेवरच राहतात.

युरोपातल्या अनेक बँका बर्लिन ग्रुपचं मानक वापरतात आणि तिथे क्रम उलटा असू शकतो. पैसे पाठवण्याचा आदेश आधीच दाखल झालेला असतो, फक्त आपल्या शिक्क्याची वाट पाहत असतो. तिथे मंजुरी देऊन आपण परतलो नाही, तरी पैसे जातात. ग्राहकाची कृती तीच, परिणाम मात्र नेमका विरुद्ध! म्हणून ग्राहक परत आला की नाही, यावरून दुकानाने निष्कर्ष काढणं मला धोक्याचं वाटतं. खरी स्थिती सर्व्हरने सर्व्हरलाच विचारावी लागते. उत्तरात `RJCT` आलं तर आदेश नाकारला गेला. `ACSP` म्हणजे स्वीकारला, पण व्यवहार अजून पुरा व्हायचा आहे. `ACSC` आलं की देणाऱ्याच्या खात्यापुरता तो पुरा झाला.

परतीच्या वाटेवर आणखी एक फसगत होते, आणि ती माझ्याही वाट्याला आली आहे. एका सोशल मीडिया अ‍ॅपमधल्या दुव्यावरून मी दुकानात गेलो होतो, म्हणजे दुकान त्या अ‍ॅपच्या आतल्या ब्राउझरमध्ये उघडलं होतं. बँकेने परत पाठवलं ते मात्र फोनच्या नेहमीच्या ब्राउझरमध्ये. दोन ब्राउझरांच्या कुकी वेगळ्या, त्यामुळे दुकानाला मी अनोळखी आणि माझी टोपली रिकामी. मी पुन्हा पैसे भरायला निघालो होतो.

दुकानाने मग फक्त `state` वरून ऑर्डर शोधून उघडून दाखवावी का? तसं सरसकट करता येत नाही. कुणी स्वतःच्या ऑर्डरची लिंक दुसऱ्याला पाठवून त्याच्याकडून मंजुरी काढून घेऊ शकतो, म्हणून ही खूण मूळ ब्राउझरशीच बांधलेली असते. दुसऱ्या ब्राउझरमध्ये ‘तुम्ही सुरुवात केली त्या खिडकीत परत जा’ एवढंच सांगणं सुरक्षित असतं. त्या दिवशी मी जुनी खिडकी उघडी ठेवली होती. तिच्यात परतलो, तेव्हा तिथे ऑर्डरचा क्रमांक आलेला होता.