काठिण्यपातळी नावाचा जुना अडसर: जिओमेट्रिक प्रोग्रॅमिंगची पार्श्वभूमी

जिओमेट्रिक प्रोग्रॅमिंग या किमान खर्चाची रचना शोधण्याच्या पद्धतीचा उगम अमेरिकेतल्या एका वीजयंत्रे बनवणाऱ्या कंपनीत, १९६१च्या सुमारास झाला. यंत्राच्या खर्चाचे सूत्र म्हणजे धन सहगुणकांच्या पदांची बेरीज, आणि प्रत्येक पद म्हणजे मापांच्या घातांचा गुणाकार. घातांक अपूर्णांक किंवा ऋण असले तरी चालतात. अशा बेरजेला पुढे पॉझिनॉमियल म्हणू लागले. १९६७मध्ये या विषयावरचे पहिले पुस्तक आले आणि त्यातले रेतीच्या खोक्याचे उदाहरण अनेक पाठ्यपुस्तकांत गेले.

४०० घनयार्ड रेती नदीपलीकडे न्यायची आहे. खोके उघडे, टोकांच्या दोन बाजूंना चौरस यार्डाला २० डॉलर, लांब बाजू आणि तळ यांना १० डॉलर, दर खेपेला १० सेंट. लांबी x, रुंदी y, उंची z धरली तर एकूण खर्च असा:

```
40/(xyz) + 40yz + 20xz + 10xy
```

तेव्हाची रीत मापांपासून सुरू होत नसे. सर्वोत्तम रचनेत खर्चाचा किती हिस्सा कोणत्या पदाचा, हे आधी काढायचे. चार हिस्स्यांची बेरीज १. शिवाय x, y, z या प्रत्येकाचे घातांक हिस्स्यांनी गुणून बेरीज केली की शून्य आले पाहिजे. चार अज्ञात, चार समीकरणे. उत्तर: खेपांचा हिस्सा ४० टक्के, बाकी तिघांचे प्रत्येकी २० टक्के. गंमत म्हणजे दर अजून कुठे वापरलेच नाहीत! पत्रा महाग झाला तरी हिस्से तेच राहतात. दर आता घालून भूमितीय मध्याच्या असमानतेने किमान खर्च १०० डॉलर येतो, आणि मग मापे: लांबी २ यार्ड, रुंदी १, उंची अर्धा. ताळा सोपा आहे: ४०, २०, २०, २०.

इथेच ‘काठिण्यपातळी’ शिरली. पदांच्या संख्येतून चलांची संख्या आणि आणखी एक वजा करायचे; इथे ४ − ३ − १ = ०. शून्य असेल तर गणित कागदावर सुटते. पण खोक्याखाली लांबीभर दोन धावपट्ट्या बसवल्या, म्हणजे खर्चात 5x हे एक पद वाढले, की पाच अज्ञात आणि चारच समीकरणे उरतात. आता हिस्से दरांवर अवलंबून राहतात आणि शोध घ्यावा लागतो. पुढे कित्येक लेखांत समस्या या आकड्यावरूनच तोलली जाई. माझ्या मते हे मोजमाप समस्येचे नव्हतेच, हाताने सोडवण्याच्या रीतीचे होते. अभियंत्यांच्या खऱ्या समस्यांत पदे शेकड्यांनी असतात, त्या सगळ्या ‘कठीण’ ठरल्या.

खरे तर लॉगची वाट सुरुवातीपासून माहीत होती. x = e^u, y = e^v, z = e^w लिहा:

```
40e^(-u-v-w) + 40e^(v+w) + 20e^(u+w) + 10e^(u+v)
```

मूळ सूत्रातले yz हे पद खोगिरासारखे आहे, एका दिशेने वर वळणारे, दुसरीकडे खाली. बदलानंतर प्रत्येक पद रेषीय राशीचा घातांकी होते. असे फलन बहिर्वक्र, म्हणजे कुठेही खाली न वळणारे, असते, धन सहगुणकांनी गुणून केलेली बेरीजही बहिर्वक्र राहते आणि सगळ्याचा लॉग घेतला तरी तो गुण टिकतो. म्हणून स्थानिक किमान हेच सार्वत्रिक किमान. u, v, w च्या सापेक्ष विकलज शून्य धरले की हिस्स्यांची तीच तीन समीकरणे परत मिळतात. जुनी रीत म्हणजे याच बहिर्वक्र समस्येची द्वैती बाजू, मापांऐवजी हिस्से अज्ञात धरून मांडलेले तिचेच दुसरे रूप. लोकांनी ती निवडली, कारण तिचे निर्बंध रेषीय होते आणि तेव्हाच्या संगणकांना ते झेपत.

१९८०च्या दशकात चिपमधल्या ट्रान्झिस्टरांची रुंदी ठरवताना विलंबाचे सूत्र पॉझिनॉमियल निघाले. १९९०च्या दशकात बहिर्वक्र समस्या सोडवणाऱ्या अंतर्बिंदू पद्धती पक्क्या झाल्या आणि लॉग-रूपच थेट सोडवणे सोयीचे झाले. काठिण्यपातळीकडे मग फारसे कुणी पाहिले नाही. पुढे ॲम्प्लिफायर आणि २०१०नंतर विमानांची प्राथमिक रचनाही या चौकटीत मांडली गेली.

मर्यादा लॉगमधूनच कळतात. समानतेचा निर्बंध फक्त एकपदी चालतो, कारण लॉगनंतर तोच रेषीय उरतो. एखाद्या सहगुणकाचे चिन्ह ऋण झाले की दोन बहिर्वक्र फलनांची वजाबाकी उरते. १९७०च्या दशकापासून अशा समस्यांसाठी पायरीपायरीने अंदाज बांधणाऱ्या पद्धती आहेत, पण त्यांचे उत्तर सुरुवातीच्या बिंदूवर अवलंबून राहू शकते. दुसरी अडचण लपलेली असते: खर्चात फक्त 1/x असेल तर किमान मूल्य कधीच गाठले जात नाही, x नुसता वाढत जातो. सॉफ्टवेअरमध्ये u अमर्याद पळताना दिसला, तर बहुतेकदा x वर वरची मर्यादा घालायचे राहून गेलेले असते.