जळगावचे ४४ अंश आणि तीस वर्षांची सरासरी

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४४ वर गेला की ओट्यावर बसलेल्यांच्या तोंडी एकच वाक्य असतं, "औंदा ऊन भलतं शे." संध्याकाळी बातम्या लावाव्यात, तर उष्णतेच्या लाटेचं नावही नाही. उलट मार्चमध्ये मुंबईला ३८ अंश झाले, तर तिकडे लाट जाहीर होऊ शकते. खान्देशातल्या माणसाला हा सरळ अन्याय वाटतो. पण ४४ हा त्या दिवसाचा आकडा आहे. तो जास्त की नेहमीचा, हे ठरवायला दुसरा एक आकडा लागतो, आणि तो तयार व्हायला तीस वर्षं लागतात.

मराठीत हा फरक निसटतो, कारण आपण दोन्हींसाठी एकच शब्द वापरतो. शाळेच्या भूगोलात 'हवा' आणि 'हवामान' असे दोन वेगळे शब्द शिकवतात. आज, आत्ता, या गावात जे चाललं आहे ती हवा. एखाद्या प्रदेशात वर्षानुवर्षं जे चालत आलं आहे ते हवामान. बाहेर मात्र उद्याच्या पावसाचा अंदाजही 'हवामान अंदाज' आणि शंभर वर्षांतला बदलही 'हवामान बदल'. माझ्या मते शाळेतली विभागणीच नेमकी आहे. तापमान, पर्जन्यमान यांतलं 'मान' म्हणजे माप, आणि हवेचं माप एका दिवसात निघत नाही.

खान्देशी माणूस हा फरक जगत आला आहे. जुनी धाब्याची घरं पाहा: जाड मातीच्या भिंती, वर लाकडी माळवद, त्यावर पांढऱ्या मातीचा सपाट थर. उन्हाळा कडक आणि पाऊस बेताचा असल्यामुळे हे घर टिकलं. कोकणच्या पावसात असं छत दोन आषाढही काढणार नाही. म्हणजे धाबं हवामान पाहून बांधलं. आज रात्री त्यावर अंथरूण टाकायचं की घरात झोपायचं, हे मात्र हवा पाहून ठरतं. रावेर-यावलच्या केळीतही तेच. बागेच्या कडेला शेवरी किंवा गजराज गवताची ताटी उभी करायची, कारण दर उन्हाळ्यात गरम वारे पानं फाडतात. लागवड पावसाळ्याच्या सुरुवातीला मृगबागेत करायची की पाऊस सरताना कांदेबागेत, हाही हवामानाचा हिशेब. उद्या ठिबक किती वेळ चालवायचं, हा हवेचा.

हे अनुभवाचं ज्ञान आकड्यांत यायला फार वेळ लागला. युरोपीय भाषांत हवामानासाठी जो शब्द आहे, त्याचं मूळ ग्रीक 'क्लिमा', म्हणजे उतार किंवा झुकाव. सूर्यकिरण किती तिरपे पडतात त्यावरून ग्रीकांनी पृथ्वीचे पट्टे पाडले होते. मोजमाप आलं तापमापकानंतर. १८१७ साली अलेक्झांडर फॉन हुम्बोल्टने सारख्या सरासरी तापमानाची ठिकाणं रेषांनी जोडून नकाशा काढला, तेव्हा 'सरासरी' पहिल्यांदा डोळ्यांना दिसली.

आपल्याकडे या कामाला संकटांनी गती दिली. १८६४ साली कलकत्त्याला मोठं चक्रीवादळ झालं. १८६६ आणि १८७१ साली पाऊस फसला. १८७५ साली भारतीय हवामान विभाग सुरू झाला आणि हेन्री ब्लॅनफर्ड त्याचे पहिले प्रमुख झाले. त्यांच्यापुढची अडचण साधी होती: नोंदी होत्या, पण प्रत्येक ठिकाणी वेगळ्या पद्धतीच्या. एकाने तापमापक भिंतीवर टांगलेला, दुसऱ्याने व्हरांड्यात. अशा आकड्यांची बेरीज करून काहीच हाती लागत नाही. म्हणून पद्धत ठरली. तापमापक झडपांच्या पांढऱ्या लाकडी पेटीत, जमिनीपासून साधारण सव्वा मीटरवर, सावलीत पण वारा खेळेल असा ठेवायचा. आजही पावसाचा दिवस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी साडेआठ असा धरतात. उन्हात उभ्या गाडीतला आकडा आणि वेधशाळेचा आकडा जुळत नाही, त्याचं कारण ही पेटीच आहे.

मग सरासरी किती वर्षांची घ्यायची? १९३५ साली वॉर्सा इथे आंतरराष्ट्रीय हवामान संघटनेने तीस वर्षं ठरवली आणि पहिला प्रमाण काळ धरला १९०१ ते १९३०. तीसच का, याचा अंदाज एका हिशेबाने येतो. समजा, एखाद्या गावाची मेची सरासरी ४२ आहे आणि एका वर्षी ती ४५ झाली. पाच वर्षांच्या सरासरीत हे एक वर्ष आकडा ०.६ अंशाने उचलतं. तीस वर्षांत फक्त ०.१ ने. एका विचित्र वर्षाने फसू नये इतका हा काळ लांब आहे. त्याहून फार लांब घेतला, तर आजोबांच्या काळची हवा आजच्यात मिसळते. सध्या जगभर १९९१ ते २०२० हा प्रमाण काळ धरतात.

आता जळगावकडे परत येऊ. हवामान विभागाचा मैदानी भागासाठीचा नियम असा: कमाल तापमान किमान ४० हवं आणि ते त्या काळच्या सरासरीपेक्षा ४.५ अंश तरी जास्त हवं, तर उष्णतेची लाट. किंवा सरासरी काहीही असो, पारा ४५ ला पोचला तरी लाट. जळगावची मेची सरासरी कमाल ४२ च्या आसपास आहे. म्हणजे ४४ हे सरासरीपेक्षा दोनच अंश वर आणि ४५ च्या खाली. दोन्ही अटी चुकल्या. मार्चची सरासरी मात्र ३७ धरली, तर त्या महिन्यात ४२ अंश झाल्यावर फरक पाचाचा होतो आणि अट पुरी होते. त्याच गावात ४२ ला लाट आणि ४४ ला नाही! किनाऱ्यासाठी किमान अट ३७ ची आहे, म्हणून मुंबईचे ३८ मोजले जातात. शिवाय एका ठिकाणी पारा चढून भागत नाही. हवामान विभागाच्या एका उपविभागात किमान दोन केंद्रांवर सलग दोन दिवस तसं व्हावं लागतं, आणि खान्देश ज्या 'मध्य महाराष्ट्र' उपविभागात येतो त्यात पुणे-कोल्हापूरही आहेत.

लाट जाहीर झाली नाही म्हणून ४४ अंश सोसणाऱ्या मजुराचा ताप कमी होत नाही, हे लक्षात ठेवायला हवं. नियम 'नेहमीपेक्षा किती वेगळं' एवढंच सांगतो.

सरासरीची दुसरी मर्यादा पावसात दिसते. देशाच्या मान्सूनची दीर्घकालीन सरासरी आता १९७१ ते २०२० च्या नोंदींवरून ८७ सेंटिमीटर धरतात, आधी ती ८८ होती. तिच्या ९६ ते १०४ टक्के पाऊस झाला की तो 'सरासरीइतका'. पण अख्ख्या देशाचा हा आकडा अमळनेरच्या कापसाला पावसाने मध्येच तीन आठवडे खंड दिला की नाही, हे सांगत नाही. दोन दिवसांत धो धो कोसळूनही महिन्याची बेरीज पुरी होते.

आणि "पूर्वीसारखं हवामान राहिलं नाही" हे तपासायचं, तर एका कडक उन्हाळ्याकडे बोट दाखवून चालत नाही. एकाच केंद्राची १९६१ ते १९९० ची सरासरी १९९१ ते २०२० च्या शेजारी ठेवावी लागते. तेव्हाही आधी विचारायचं, की मधल्या काळात केंद्राची जागा बदलली का, आणि ज्या पेटीभोवती पूर्वी शेतं होती तिथे आता सिमेंटचे रस्ते आणि इमारती आल्या का. आल्या असतील, तर वाढलेल्या पाऱ्यातला काही वाटा हवामानाचा नसून त्या सिमेंटचा असतो, आणि तो आजूबाजूच्या खेड्यांतल्या केंद्रांशी ताडून वेगळा काढावा लागतो.