सोयाबीनचा देकार

शेतकरी उत्पादक कंपनी गोदामातला माल तेलगिरणीला विकायला काढते, तेव्हा मालाची प्रत, वजन आणि भावाच्या अटी कळवणारे जे पत्र पाठवते तो देकार. बोलताना सगळे ‘ऑफर’च म्हणतात. ‘उत्तम प्रतीचा माल’ या शब्दांना गिरणीच्या लेखी काही अर्थ नसतो. तिला आकडे हवे असतात : ओलावा १० टक्के, माती-काडीकचरा २ टक्के, डागी दाणा २ टक्के, ही नेहमीची अट. त्यावर गेले की कट लागते.

खरी गोम ओलाव्यात आहे. समजा २५० क्विंटलच्या गाडीत ओलावा ११.५ टक्के निघाला. कट ‘एकास एक’ असेल, तर दीड टक्का, म्हणजे पावणेचार क्विंटलचे पैसे जातात. तोच माल वाळवून १० टक्क्यांवर आणला, तर वजन २४५.८३ क्विंटल भरते. म्हणजे सव्वाचार क्विंटलच्या आसपास घट, शिवाय वाळवणीची मजुरी. अशा वेळी कट सोसलेली बरी. पण बऱ्याचदा ठरावीक टक्क्यानंतर कट दुप्पट होते किंवा गाडीच परत येते, आणि मग वाळवणेच परवडते. म्हणून कटीचा दर आणि गाडी नाकारण्याची मर्यादा भाव बोलण्याआधी लेखी घ्यावी.

नमुना थप्पीच्या पुढच्या पोत्यांतून घेतला की हमखास वांधा होतो. परखी वरच्या, मधल्या आणि तळाच्या पोत्यांत घालावी, सगळे दाणे एकत्र करून त्यांचे तीन भाग करावेत आणि हवाबंद पिशव्यांत मोहोरबंद करावेत : एक गिरणीला, एक गाडीसोबत, एक आपल्याकडे. ओलावामापक गिरणीच्या यंत्राशी आधीच ताडून घ्यावा. अर्ध्या टक्क्याचा फरकसुद्धा या गाडीत सव्वा क्विंटलचा होतो.

वजन लिहिताना सभासदांचा पेरा धरू नये. भाव चढला की सभासद गावातच माल विकतात आणि कंपनीचा शब्द खाली पडतो. गोदामात प्रत्यक्ष असलेलाच साठा ‘तयार माल’ म्हणून द्यावा आणि पुढचा माल ‘अंदाजे’ म्हणून वेगळ्या ओळीत लिहावा. पन्नास किलोची ५०० पोती म्हणजे एक गाडी. देकार गाड्यांत केला की गिरणीला चटकन कळतो.

भाव ‘प्लांट पोच’ की ‘गोदामावर’, हे स्पष्ट हवे. उदाहरणादाखल, पोच भाव ४,६०० रुपये, त्यातून क्विंटलमागे भाडे ९० आणि हमाली १५ वजा केली की हाती ४,४९५ राहतात. गावचा व्यापारी गोदामावर रोख ४,५०० देत असेल, तर पोच भाव दिसायला मोठा असूनही तोट्याचा ठरतो. बारदान्याचे वजन कोण धरणार, अंतिम वजन कोणत्या काट्यावरचे आणि पैसे गाडी खाली झाल्यावर किती दिवसांत, हेही त्याच पत्रात यावे. शेवटी देकार किती दिवस वैध आहे ते लिहावे. सोयाबीनचा भाव रोज हलतो, म्हणून मुदत दोन-तीन दिवसांपलीकडे नेऊ नये.