फ्रेंचमधले नाकातले स्वर (अनुनासिक स्वर)

फ्रेंच बोलताना काही स्वरांची हवा तोंडातून आणि नाकातून एकदमच बाहेर पडते, हेच अनुनासिक स्वर. पडजिभेकडचा मऊ टाळू खाली येतो म्हणून नाकाची वाट उघडते, पण जीभ वर कुठेच टेकत नाही की ओठ मिटत नाहीत. पॅरिसकडे बहुतेकांच्या बोलण्यात आता असे तीनच स्वर उरलेत, चौथा शेजारच्यात मिसळून गेला.

मराठी माणसाची गोची अशी की आपला अनुस्वार बहुतेक वेळा व्यंजनच असतो, आंब्यात म्, अंगात ङ्, दांडीत ण्. पूर्वी नांव, कोठें असं लिहायचे पण ते टिंब बोलण्यातून कधीच गेलेलं, म्हणून 1962 च्या नियमांनी लिहिण्यातूनही काढलं. कोकणीवाल्यांना हे सोपं जातं, त्यांच्या ‘हांव’मध्ये स्वर खरंच नाकातून येतो. आपल्याकडे जवळचं काही असेल तर ते ‘हंस’ किंवा ‘संशय’, सावकाश म्हणून बघा, स किंवा श च्या आधी जीभ टेकत नाही पण नाक वाजतं.

आता बो (देखणा), बोँ (चांगला) आणि बॉन् (चांगली) हे तीन शब्द घ्या. ‘बो’चा स्वर लांबवा आणि मध्येच नाक चिमटीत धरा, आवाज बदलायला नको. मग ‘बोँ’ लांबवून तेच करा, आता आवाज लगेच कोंदला पाहिजे, नाही कोंदला तर तुम्ही अजून साधा ओच म्हणताय. पण नुसत्या चिमटीवर भागत नाही कारण ‘बॉन्’च्या शेवटीही नाक वाजतंच, म्हणून दुसरी तपासणी जिभेची: शब्द संपल्यावर तसेच थांबा, जिभेचं टोक वरच्या दातांमागे चिकटलेलं सापडलं तर न् निसटलाय आणि चांगला मुलगा ‘चांगली’ झालाय. (दक्षिण फ्रान्समधले जुन्या वळणाचे लोक स्वरामागे छोटासा ङ् लावतात, त्यामुळे मार्सेयचे व्हिडिओ ऐकून शिकणाऱ्याला आपलंच बरोबर वाटतं.) ‘बोँ’पुढचं नाम स्वराने सुरू झालं तर मात्र न् खरोखरच येतो, ‘चांगला मित्र’ म्हणजे ‘बॉनामी’.

साधा की नाकातला हे कळायला लागलं की पुढची गल्लत ‘बाँ’ (बाकडं) आणि ‘बोँ’ची. पॅरिसकरांचा आँ हल्ली ऑकडे सरकलाय, म्हणून आपल्याला ‘बाँ’ हा ‘बोँ’सारखाच ऐकू येतो. इथे कानापेक्षा डोळे कामाला येतात, बोलणाऱ्याचे ओठ बघा: बोँला शिट्टी मारायच्या बेतात असल्यासारखे गोल आणि घट्ट, बाँला जबडा उघडा आणि ओठ सैल.