दोष सांगणं आणि धमकी देणं: एका सूटकलमाची पार्श्वभूमी

‘तुमच्या घराण्याला शाप आहे’ असं सांगून पैसे उकळल्याची तक्रार घेऊन कुणी पोलीस ठाण्यात गेलं, की अधिकारी विचारतो, ‘त्याने नेमकं काय म्हटलं?’ तक्रारदाराला वाटतं हा टोलवतोय. कधी कधी टोलवतोही. पण प्रश्न बरोबर आहे, कारण कायदा शापाकडे बघतच नाही, तो वाक्याकडे बघतो. असं का झालं ते कळायला थोडं मागे जावं लागतं.

पेशवाईत सरकारचाही शापावर, करणीवर विश्वास होता. कोकणात भुतं लावणाऱ्यांना शोधून शिक्षा केल्याचे उल्लेख दप्तरात आहेत. म्हणजे गुन्हेगार तो, ज्याने बाधा लावली. ती काढून देतो म्हणून पैसे घेणारा देवऋषी गुन्हेगार नव्हता, उलट तो कामाचा माणूस होता. इंग्रजांनी 1860 च्या दंडसंहितेत हा प्रश्न उलटा करून घेतला. बाधा खरी की खोटी यात ते पडले नाहीत. दैवी कोपाची भीती घालून कुणाकडून काही करवून घेतलं, तर तो गुन्हा ठरला. हेच कलम 508. शिक्षा एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही.

या कलमाच्या डोळ्यासमोर कोण होतं, ते त्यातली उदाहरणं वाचली की कळतं. एक माणूस दुसऱ्याच्या दाराशी धरणं धरून बसतो, जेणेकरून घरमालकाला वाटावं की याच्या बसण्यानेच आपल्यावर देवाचा कोप होईल. दुसरा म्हणतो, माझं ऐकलं नाहीस तर मी माझंच पोर मारीन आणि त्याचं पाप तुझ्या माथी येईल. त्या काळी देणं वसूल करायला असे प्रकार खरोखर चालत. म्हणून कलमाची भाषा अशी आहे की कोप ‘अपराध्याच्या कृतीने’ होणार असला पाहिजे. मी काहीतरी करीन आणि त्यामुळे तुझ्यावर कोप होईल, असं.

आजचा दोष सांगणारा यातलं काहीच म्हणत नाही. तो म्हणतो, ‘मी काय करणार? तुमच्या पत्रिकेतच आहे. पूर्वजांचं आहे. मी फक्त बघितलं.’ शाप कुणाचीच कृती उरली नाही, ती एक नोंद झाली. हा बदल मला या सगळ्या इतिहासातला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि तो शब्दांच्या गोंधळातून झाला आहे.

‘शाप’ हा शब्द ज्योतिषाच्या जुन्या ग्रंथांत नाही असं नाही. बृहत्पाराशर होराशास्त्रात पूर्वजन्मीच्या शापांवर एक अख्खा अध्याय आहे. सर्पशाप, पितृशाप, मातृशाप, भ्रातृशाप असे प्रकार त्यात येतात. पण तो अध्याय एकाच प्रश्नासाठी आहे: संतती का होत नाही किंवा का टिकत नाही. एका माणसाच्या पत्रिकेतलं पंचम स्थान, म्हणजे संततीचं घर, त्याचा पूर्वजन्म आणि त्याची संतती, एवढाच त्याचा पसारा. नोकरी, कर्ज, मुलाचं लग्न, भावाभावांतले वाद यांचा त्यात संबंध नाही, आणि ‘घराण्याला’ हा शब्द तर नंतर कुणीतरी जोडला. ‘पितृदोष’ ही आजची पिशवी त्यातून शिवली गेली. तिच्यात आता काहीही मावतं.

‘कालसर्प’ची गोष्ट आणखी मजेशीर आहे. त्या जुन्या ग्रंथांत हा योग या नावाने सापडत नाही, हे परंपरेतल्याच जाणत्या ज्योतिषांनी स्पष्ट सांगितलं आहे. तरी व्याख्या घेऊन बघू. राहू-केतूच्या रेषेच्या एकाच बाजूला बाकीचे सातही ग्रह आले की कालसर्प. आता रवी, बुध आणि शुक्र आकाशात एकमेकांपासून फार लांब जातच नाहीत, त्यामुळे ते तिघे बरेचदा एका बाजूला असतात. गुरू, शनी आणि मंगळही त्याच बाजूला आले, की उरला फक्त चंद्र. तो साधारण चौदा दिवस एका बाजूला असतो आणि चौदा दिवस दुसऱ्या. म्हणजे अशा काळात महिन्याच्या निम्म्या दिवसांत जन्मलेल्या जगातल्या प्रत्येक बाळाला कालसर्प. त्याच घरातल्या, तीन वर्षांनी मोठ्या बहिणीला तो असेलच असं नाही. मग अनंत, कुलिक, वासुकी अशी बारा नावं आहेत. ती राहू कितव्या स्थानात आहे त्यावरून ठरतात आणि ही स्थानं जिथून मोजतात ते लग्न, म्हणजे जन्माच्या वेळी पूर्वेला उगवणारी रास, साधारण दोन तासांनी बदलतं. दवाखान्याच्या कागदावर वेळ चुकली की सापाचं नाव बदललं. हा घराण्याचा शाप कसा, हे विचारलं तर बहुतेक जण विषय बदलतात.

विधींचंही तेच. त्र्यंबकेश्वरला होणारा नारायण-नागबळी हा तीन दिवसांचा विधी आहे. नावातच दोन वेगळे विधी आहेत. नारायणबळी अपघाताने, आत्महत्येने, अकाली गेलेल्या माणसासाठी. नागबळी नागाच्या हत्येच्या पातकासाठी, त्यात पिठाचा नाग करून त्याला अग्नी देतात. दोन्ही विधींना ठरलेलं निमित्त आहे. निमित्त विचारणारे पुरोहित आजही आहेत. ‘पितृदोष’ची पिशवी हाती असली की मात्र निमित्त विचारायची गरजच पडत नाही.

आता 2013 चा महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा. त्याआधी वर्षानुवर्षं त्याचे मसुदे आले, बदलले, अडकले. विरोध दोन तऱ्हांचा होता. काहींचा धर्मात सरकारने हात घालायलाच विरोध होता. काही वारकरी मंडळींची शंका वेगळी होती: उद्या एखाद्या हवालदाराने कीर्तन थांबवलं तर? या दुसऱ्या शंकेला उत्तर देणं भाग होतं. पुण्यात 20 ऑगस्ट 2013 रोजी या कायद्यासाठी झटणाऱ्या कार्यकर्त्याची गोळ्या घालून हत्या झाली आणि काही दिवसांतच वटहुकूम निघाला. डिसेंबरमध्ये विधिमंडळाने कायदा मंजूर केला. त्याच्या लांबलचक नावात नरबळी आहे, अघोरी प्रथा आहेत, जादूटोणा आहे. ‘अंधश्रद्धा’ हा शब्द नाही.

शिक्षा सहा महिने ते सात वर्षं, दंड 5,000 ते 50,000 रुपये. गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. सोबत बारा बाबींची अनुसूची. अनुसूचीत असेल तेच या कायद्याने गुन्हा, बाहेरचं नाही. आणि शेवटाकडे सूटकलम. यात्रा, प्रदक्षिणा, हरिकीर्तन, प्रवचन, घरातली-मंदिरातली उपासना, संतांच्या चमत्कारांच्या कथा, हे सगळं कायद्याबाहेर. त्याच यादीत वास्तुशास्त्राचा सल्ला, जमिनीतल्या पाण्याचा सल्ला आणि ज्योतिषाचा सल्ला.

कीर्तनाला सूट का, ते समजतं. ज्योतिषाला का, यावर तेव्हाही दोन मतं होती आणि आजही आहेत. एका बाजूचं म्हणणं असं की रस्त्यावरच्या पोपटवाल्यापासून पंचांगकर्त्यापर्यंत हजारो लोकांना गुन्हेगार ठरवून कायदा कधीच मंजूर झाला नसता. दुसरी बाजू म्हणते, लुबाडणूक सगळ्यात जास्त जिथे होते तेच दार उघडं ठेवलंत. मला दुसरी बाजू वस्तुस्थितीला धरून वाटते आणि पहिली राजकारणाला. सूट काढली असती तर कदाचित कायदाही नसता, हे मान्य करूनच हे लिहितोय.

मात्र ती सूट ‘सल्ल्याला’ आहे, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. अनुसूचीत अंगात अतींद्रिय शक्ती असल्याचं भासवून, आपलं ऐकलं नाही तर वाईट परिणाम होतील अशी धमकी देणं आहे. जादूटोण्याने मरणाची, शारीरिक वेदनांची किंवा आर्थिक नुकसानीची भीती घालणं आहे. चमत्कार दाखवून पैसे मिळवणं आहे. सल्ला संपतो कुठे आणि धमकी सुरू होते कुठे, हे वाक्यावाक्याने बघावं लागतं.

एक नमुना घेऊ. अनेक तक्रारींतले तुकडे जोडून तो मीच रचला आहे. मुलगा चौतिशीचा, लग्न जमत नाही. आई फोनवर पत्रिका दाखवते, 501 रुपये. समोरचा विचारतो, ‘ताई, घरात कुणी पाण्याने, आगीने किंवा तरुणपणी गेलंय का?’ तीन पिढ्या मोजल्या तर असं कुणी ना कुणी निघतंच. आई सांगते, मोठे दीर विहिरीत गेले. ‘तेच ते. पितृदोष आहे.’ माहिती आईने दिली, पण तिला वाटतं त्यानेच ओळखलं.

मग विधी, 21,000. तो आमच्या आश्रमात होईल, तुम्ही यायची गरज नाही. तीन आठवड्यांनी फोन: ‘तुम्ही सूतक पाळलं नाहीत, विधी वाया गेला.’ ते पाळायचं असतं हे कुणी सांगितलंच नव्हतं. आता 51,000. आई हात जोडते, एवढे नाहीत. तेव्हा चौथं वाक्य येतं: ‘मला गुरूंनी दृष्टी दिली आहे, मला दिसतंय. अर्धवट सोडलंत तर धाकट्यावर येईल. सहा महिने.’

पहिला प्रश्न गुन्हा नाही. ‘पितृदोष आहे’ हा सल्ला, म्हणजे सुटीच्या आत. ‘विधी वाया गेला’ संशयास्पद आहे, पण एकटं अपुरं. चौथं वाक्य मात्र वेगळं: दिव्यदृष्टीचा दावा, पैसे न दिल्यास वाईट परिणाम आणि पैशांची मागणी, तिन्ही एका दमात. 2013 चा कायदा लागायचा तो इथे. तक्रारीत बहुतेक लोक नेमकं हेच वाक्य शेवटी, घाईत आणि स्वतःच्या शब्दांत लिहितात: ‘आम्हाला घाबरवलं.’ ते तारीख, वेळ घालून, जसं बोललं गेलं तसंच लिहावं लागतं.

फसवणुकीचं कलम (जुनं 420, 1 जुलै 2024 पासून नव्या संहितेत 318) वेगळ्या बाजूने जातं. त्यात पैसे घेतानाच फसवायचा इरादा होता हे दाखवावं लागतं. ‘माझाही दोषावर विश्वास आहे’ असं आरोपी म्हणाला, तर ते खोडणं कठीण. म्हणून शापावर वाद घालण्यापेक्षा तपासता येणाऱ्या गोष्टी धराव्यात. विधी कुठल्या दिवशी, कुठे, कुणी केला? संकल्पात कुणाचं नाव-गोत्र घेतलं? आईने गोत्र सांगितलंच नव्हतं, मग कुठलं घेतलं? सामानाची पावती कुठे? पैसे गेलेलं खातं आश्रमाचं की कुणा तिसऱ्याच्याच नावाचं? न केलेला विधी केला म्हणून सांगणं हे साधं खोटं आहे, त्यात श्रद्धेचा प्रश्न येत नाही.

जानेवारी 2021 मध्ये उच्च न्यायालयाच्या एका खंडपीठाने दूरचित्रवाणीवर चमत्कारी यंत्रं विकणाऱ्या जाहिराती याच कायद्याखाली बेकायदा ठरवल्या. दैवी गुण सांगून वस्तू विकणं सुटीत बसत नाही, एवढं त्यातून पक्कं झालं. दोष मात्र वस्तू नाही. तो फोनवर, एकांतात सांगितला जातो आणि त्याची जाहिरात असते फक्त ‘मोफत पत्रिका पाहा’ एवढीच. 508 चं कलम नव्या संहितेत 354 झालं. ‘अपराध्याच्या कृतीने’ ही अट, दारात धरणं धरणाऱ्यासाठी लिहिलेली, तिथेही तशीच आहे.