कडेची कापलेली अक्षरं: सुरक्षित चौकटीची पार्श्वभूमी

लग्नाची जुनी व्हीएचएस कॅसेट संगणकावर उतरवून पाहा. चित्राच्या अगदी तळाशी फरफरणारी एक बारीक पट्टी दिसेल. व्हीसीआरमध्ये फिरणारे हेड एकमेकांकडे काम सोपवतात, त्या क्षणाची ही खूण. ती कॅसेटवर पहिल्यापासूनच होती, पण घरच्या टीव्हीवर कधी कुणाला दिसली नाही, कारण तेवढा भाग टीव्ही दाखवतच नव्हता.

पिक्चर ट्यूबच्या टीव्हीत चित्राचा आकार विजेवर अवलंबून असायचा. संध्याकाळी व्होल्टेज पडलं की साध्या सेटमध्ये चित्र आक्रसायचं. उलट पडदा एकदम उजळला की ट्यूबचा उच्च दाब किंचित उतरून चित्र फुगायचं. कडेला काळी पट्टी दिसली तर गिऱ्हाईक सेट बिघडला म्हणणार, म्हणून कंपन्या चित्र मुद्दाम काचेपेक्षा मोठं ठेवत. याला ओव्हरस्कॅन म्हणतात. किती भाग बाहेर जाणार, हे सेटगणिक बदलायचं. त्यात ट्यूबचे कोपरेही गोलसर.

यावर तोडगा म्हणून एसएमपीटीई या अभियंत्यांच्या संस्थेने दोन सुरक्षित चौकटी सुचवल्या. महत्त्वाची हालचाल रुंदी-उंचीच्या मधल्या 90 टक्क्यांत आणि अक्षरं मधल्या 80 टक्क्यांत. आपल्याकडच्या पाल पद्धतीच्या 720 बाय 576 चित्रात अक्षरांसाठी डावी-उजवीकडे 72 पिक्सेल आणि वर-खाली साधारण 58 पिक्सेल सोडायचे. एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये दिसणाऱ्या एकात एक दोन चौकटी त्याच.

मी शिकाऊ असताना एका लग्नाच्या डीव्हीडीवर वधूवरांची नावं तळाला टेकवून लिहिली होती. मॉनिटरवर देखणी दिसली. वधूच्या घरच्या टीव्हीवर मात्र सगळे उकार गायब. देवनागरीत हा धोका जास्त, कारण उकार खाली लोंबतात आणि वेलांट्या, मात्रा, रफार शिरोरेषेच्या वर जातात. अंतर अक्षराच्या पायापासून न मोजता खालच्या उकाराच्या टोकापासून मोजायला मी तेव्हा शिकलो.

एलसीडी आल्यावर वाढवून दाखवण्याचं मूळ कारण संपलं. 2009 मध्ये एसएमपीटीईने रुंद पडद्यासाठी हालचालीची चौकट 93 आणि अक्षरांची 90 टक्के केली. म्हणजे 1920 बाय 1080 मध्ये अक्षरांसाठी बाजूंना 96 आणि वर-खाली 54 पिक्सेल. पण सवय राहिलीच. कित्येक सपाट टीव्ही आजही एचडीएमआयवरचं चित्र थोडं ताणून कडा कापतात. लॅपटॉप जोडल्यावर खालचा टास्कबार अर्धवट दिसला, तर समजायचं. टीव्हीच्या मेनूत चित्राच्या आकाराखाली ‘Just Scan’ किंवा ‘Screen Fit’ निवडलं की पूर्ण चित्र येतं. हॉलमधल्या प्रोजेक्टरचं कारण निराळं: चित्र पडद्याहून जरा मोठं किंवा तिरपं पडलं, की कडेची ओळ भिंतीवर जाते. तिथे आदल्या दिवशी चारही कडांना रेघ असलेलं चित्र लावून बघावं आणि एखादी रेघ पडद्याबाहेर गेली, तर झूम तेवढा कमी करावा.